'मला पण फॉलो करा ना प्लीज' : दर पोस्टखाली हेच आलं तर काय उत्तर द्यावं?

ठिपकेरेषा
इन्स्टाग्रामवर रांगोळीचं पान आहे. दोन-तीन जणी प्रत्येक पोस्टखाली लिहितात, 'ताई खूप छान, मला पण फॉलो करा ना प्लीज.' मी 'धन्यवाद, नक्की बघते' लिहिते, तरी पुढच्या पोस्टला परत तेच. त्यांना दुखवायचं नाही, पण हे थांबायला हवं. काय लिहू?

सरळरेघ
काहीच लिहू नका. उत्तर दिलं की समोरच्याला वाटतं इथे दाद मिळते. कॉमेंट पुसा, पुन्हा आली की पुन्हा पुसा. दोन आठवड्यांत माणूस आपोआप दुसरीकडे जातो. नम्रपणा माहिती विचारणाऱ्यांसाठी ठेवा.

शब्दवेल्हाळ
सरळरेघ, पुसलेली कॉमेंट लिहिणारीला बऱ्याचदा कळतच नाही. आपलंच पाठवायचं राहिलं असेल, असं समजून ती पुन्हा लिहिते. कळलं तर 'माझी कॉमेंट का उडवली?' अशी नवी कॉमेंट येते आणि आता बाकीचेही ती वाचतात.

मूळ अडचण 'नक्की बघते' या दोन शब्दांत आहे. मराठीत 'बघते', 'बघू', 'वेळ मिळाला की' हे नकाराचे सौम्य प्रकार आहेत, पण समोरासमोर बोलताना आवाजावरून ते कळतं. लिहिल्यावर तो आवाज जातो आणि उरतं फक्त वचन. वचन मिळालेला माणूस आठवण करून देतो, त्यात त्याचं काही चुकत नाही. 'सध्या' हा शब्दही तसाच. 'सध्या नवीन पानं फॉलो करत नाही' म्हटलं की दिवाळीनंतर विचारू, असंच कुणीही समजेल.

पहिल्या वेळी असं लिहून पाहा:

'धन्यवाद! तुमचं पान पाहिलं, संस्कारभारतीच्या रांगोळीतली कडेची पांढरी रेघ फार एकसारखी आली आहे. मी मोजकीच पानं फॉलो करते, त्यामुळे फॉलो करणं जमणार नाही. राग मानू नका.'

यात कौतुक आधी आणि नेमकं आहे, म्हणजे पान खरंच उघडलं हे तिला दिसतं. पाहिलं नसेल तर ते वाक्य गाळा. खोटं कौतुक वाचणारीला लगेच कळतं. नकार एकाच वाक्यात आणि पूर्ण आहे. 'करणार नाही'पेक्षा 'जमणार नाही' मऊ आहे, पण अर्थ तितकाच पक्का. 'पण' टाळला आहे, कारण 'छान आहे, पण...' वाचताना आधीचं कौतुक पुसलं जातं.

दुसऱ्या वेळी कौतुक पुन्हा करू नका, नाहीतर ते कॉमेंटचं बक्षीस होतं. 'मागे म्हटलं तसं फॉलो करणं जमणार नाही. या डिझाइनचे ठिपके किंवा रंग याबद्दल काही हवं असेल तर जरूर विचारा.' एवढंच. तिसऱ्या वेळी उत्तर नाही.

मसाल्याचाडबा
मी स्वतः अशा कॉमेंट टाकते, घरगुती मसाल्यांचं छोटं पान आहे. मला तर उत्तरात फक्त 🙏 येतो. त्याचा अर्थ काय घ्यायचा? मला तरी तो 'हात जोडले बाई, आता पुरे' असाच लागतो. मग इतरांच्या पानावर लिहायचंच नाही का?

शब्दवेल्हाळ
तुम्हाला लागतं ते बरोबर आहे. आपल्याकडे हात जोडणं म्हणजे नमस्कारही आणि सुटका करा अशी विनवणीही. शब्दांशिवाय आला की दुसरा अर्थ पुढे येतो. 'धन्यवाद 🙏' चालतं, नुसता 🙏 नको.

लिहा की इतरांच्या पानावर, पण त्यांच्या पोस्टबद्दल. गोडा मसाल्याच्या फोटोखाली 'दगडफूल कोरडं भाजलंत की तेलावर?' असं विचारलंत तर वाचणारे तुमच्या नावावर टिचकी मारतात. 'फॉलो करा'ने तसं होत नाही.

ताकसाखर
एवढं कशाला? सगळ्यांना परत फॉलो करून टाका, त्यात काय जातं? शिवाय प्रत्येक कॉमेंटला उत्तर दिलं की पोस्टखालची हालचाल वाढते, म्हणजे फायदाच. एकच वाक्य तयार ठेवून सगळीकडे चिकटवायचं.

कळफलक
अर्धं बरोबर. उत्तरांनी पोस्टखाली गप्पा वाढतात हे खरं. पण इन्स्टाग्राम 7500 पेक्षा जास्त खाती फॉलो करू देत नाही, आणि त्याच्या कितीतरी आधी तुमच्या फीडमध्ये रांगोळी शोधावी लागेल. एकीला फॉलो केलं की ते बाकीच्यांनाही दिसतं आणि मागणाऱ्या दोनच्या दहा होतात.

हुबेहूब तेच वाक्य भराभर चिकटवलं तर ॲपला तो स्पॅम वाटू शकतो आणि काही काळ कॉमेंट करणंच बंद होतं. कीबोर्डच्या डिक्शनरीत शॉर्टकट ठेवा, उदा. 'फॉन' लिहिलं की पूर्ण वाक्य उमटेल, पण पाठवण्याआधी नाव किंवा रंग असे दोन शब्द बदला.

पान न बघता सगळीकडे तेच डकवणाऱ्या खात्यांसाठी सेटिंग्जमध्ये `Hidden Words` आहे. तिथे आपल्या शब्दांची यादी देता येते. चूक इथेच होते: लोक नुसतं `follow` टाकतात. मग 'तुम्हाला वर्षभर follow करतेय, आज पहिल्यांदा ही रांगोळी जमली' ही कॉमेंटही झाकली जाते. पूर्ण तुकडे टाका: `follow me`, `follow back`, `plz follow`, `f4f`, `फॉलो करा ना`. 'फोलो करा' आणि `follow kara` वेगळे लिहा. पहिले काही दिवस झाकलेल्या कॉमेंट उघडून पाहा; कामाची कॉमेंट अडकली असेल तर तो तुकडा काढा.

अंगणातली
मला पण हाच त्रास! माझं खातं खाजगी आहे आणि अनोळखी लोकांच्या रिक्वेस्ट येतात. नकार दिला तर त्यांना कळतं का?

कळफलक
तो वेगळा विषय, पण नाही, नकाराची सूचना त्यांना जात नाही.

सरळरेघ
पुसण्याचा मुद्दा सोडतो. पण तिसऱ्या वेळी गप्प बसणं हेही तुटकच नाही का? त्यापेक्षा बायोमध्ये एकदाच लिहा, 'कृपया फॉलो मागू नये.' सगळ्यांना सारखा नियम, कुणा एकीला लागणार नाही.

शब्दवेल्हाळ
बायोत 150 अक्षरं मिळतात, आणि ती वाचतं कोण? पहिल्यांदा आलेली, काहीच न मागितलेली बाई. तिला दारातच पाटी दिसते. मागणाऱ्या मात्र पोस्टखाली थेट येतात, बायो उघडत नाहीत. शिवाय 'मागू नये' हा सोसायटीच्या सूचनाफलकाचा सूर आहे. रोज 'ताई' म्हणणारीशी आपणही 'तुम्ही'त बोलावं. 'आपण', 'कृपया', 'नये' आलं की अंतर पडतं.

तिसऱ्या वेळेनंतर `Restrict` वापरा. तिची कॉमेंट तिला दिसत राहते, इतरांना तुम्ही मंजूर केल्याशिवाय दिसत नाही, आणि तिला सूचना जात नाही. उद्या तिने रंगाबद्दल विचारलं तर तेवढी कॉमेंट मंजूर करून उत्तर देता येतं. ब्लॉक केलं तर तो रस्ता बंद होतो.

मसाल्याचाडबा
न सांगता असं झाकणं मला नकारापेक्षा जास्त लागेल. स्पष्ट 'आता पुन्हा लिहू नका' चालेल.

ताकसाखर
सहमत. आणि नकार चारचौघांत का? मेसेज करून सांगा, तिचा मान राहील.

कळफलक
ती तुम्हाला फॉलो करत असेल तर मेसेज पोचेल, नाहीतर रिक्वेस्टमध्ये पडून राहील आणि ती पुढच्या पोस्टखाली पुन्हा लिहील. उघड उत्तर बाकीच्या मागणाऱ्याही वाचतात. तरी चारचौघांतल्या नकाराबद्दल ताकसाखर म्हणतात ते माझ्या मनातून जात नाही.

ठिपकेरेषा
तिघींपैकी एक मला नक्की फॉलो करते, तिला मेसेज करेन. बाकी दोघींना उद्याच्या पोस्टखाली पहिलं उत्तर, 'नक्की बघते' वगळून. `Restrict`चं अजून ठरत नाही.