शब्दचर्चा : ‘फोन्दो अम्मोर्तामेंतो’ म्हणजे घसारा निधी का?

अनुस्वार : एका इटालियन कंपनीचे ‘बिलांचो’ मी एका गुंतवणूकदारासाठी मराठीत आणत आहे. शीर्षकाला मी ‘ताळेबंद’ म्हटले आणि टिपणांतील ‘फोन्दो अम्मोर्तामेंतो’ला ‘घसारा निधी’. मसुदा वाचून त्यांनी विचारले, की हा दोन लाख युरोंचा निधी कोणत्या बँकेत आहे आणि त्यातून नवे यंत्र घेता येईल का. याशिवाय ‘रिकावी’साठी महसूल लिहावे की विक्री, हाही प्रश्न आहे.

मिलानकर : मी इटलीत घर घेतले, तेव्हा बँकेने दिलेल्या ‘पियानो दि अम्मोर्तामेंतो’त प्रत्येक हप्त्यातले व्याज आणि मुद्दल मांडलेले होते. म्हणून अम्मोर्तामेंतो म्हणजे कर्जफेडच.

जमाखर्च : आपल्या कागदावर तो अर्थ बरोबर आहे, पण येथे यंत्राचा प्रश्न आहे. समजा, पाच लाखांचे यंत्र दहा वर्षे चालेल असे धरले, तर दरवर्षी पन्नास हजार खर्चात पडतात आणि चार वर्षांनी त्यांची बेरीज दोन लाख होते. ताळेबंदात यंत्राची उरलेली किंमत, म्हणजे तीन लाख, एवढीच दिसते. पैसा यंत्र घेतले तेव्हाच गेला. दोन लाख कोठेही बाजूला ठेवलेले नाहीत. म्हणून ‘संचित घसारा’ लिहावे. ‘निधी’ या शब्दाने वाचकाला नसलेली रोकड दिसते, आणि गुंतवणुकीच्या कागदात ही चूक फार महागात पडते.

काना-मात्रा : घसारा घासण्यावरून आला. यंत्र झिजते, पण पेटंट कसे झिजेल? तेथे ‘निर्लेखन’च हवे.

जमाखर्च : इटालियन नफा-तोटा पत्रकात दोन्हींना अम्मोर्तामेंतोच म्हणतात, फक्त ओळी वेगळ्या असतात. शिवाय निर्लेखन म्हटले, की आपल्याकडे बुडीत रक्कम एकदम काढून टाकणे डोळ्यांपुढे येते.

काना-मात्रा : रूढीपुढे अर्थ सोडावा, हे मला पटत नाही.

जमाखर्च : शीर्षकाचेही पाहा. तेथील नागरी संहितेच्या कलम २४२३ प्रमाणे बिलांचोत ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, रोख प्रवाह आणि टिपणे, असे सगळे येते. लहान कंपन्यांना काही सवलती आहेत. ताळेबंद म्हणजे त्यातले ‘स्तातो पात्रिमोनिआले’. संपूर्ण संचाला ‘वार्षिक वित्तीय विवरणपत्रे’ म्हणावे.

काना-मात्रा : परंतु बिलांचोच्या मुळाशी तराजूची दोन पारडी आहेत आणि ताळेबंदातही दोन बाजूंचा ताळाच जुळवतात. इतका जवळचा शब्द टाकवत नाही.

अनुस्वार : संचित घसारा स्वीकारते. रिकावीचे काय?

सातबारा : महसूल म्हटले, की आमच्या गावी तलाठी आठवतो. विक्री लिहा.

जमाखर्च : कंपनी सेवाही देत असेल, तर विक्री अपुरे पडते. मात्र त्याच पत्रकातील ‘वालोरे देल्ला प्रोदुत्सिओने’ला कोणतेही नाव द्या, विक्री म्हणू नका, त्या आकड्यात न विकलेल्या तयार मालाची वाढही मिळवलेली असते.

सातबारा : मग ‘विक्री व सेवा उत्पन्न’ लिहावे का?

मिलानकर : आमच्याकडे सगळे ‘फात्तुरातो’ म्हणतात, तो शब्द कोठे बसवावा?