गच्चीचा रेंडर: कठडा आणि जिन्याचं हेडरूम जसंच्या तसं ठेवायचंय, मदत हवी आहे

मंडळी, पुण्यातल्या एका बंगल्याच्या गच्चीचं काम हातात आहे. कुंड्या, बैठक आणि सागवानी पर्गोला. मालकांची अट एकच, कठडा १०५० मिमीचाच राहायचा आणि जिन्याच्या दारातली २१०० मिमी मोकळी उंची कमी व्हायची नाही.

स्केचअपमध्ये जागेच्या फोटोवर कॅमेरा जुळवून जुनं बांधकाम लॉक केलंय, रेंडर व्ही-रेमध्ये. फोटो १५०० मिमी उंचीवरून काढलाय, म्हणजे फरशीपासून क्षितिजरेषेपर्यंतच्या अंतराच्या सत्तर टक्क्यांवर कठड्याची वरची कड यायला हवी. कॅमेरा वर-खाली कललेला नसेल, तर लेन्स कुठलीही असो, हे प्रमाण बदलत नाही, म्हणून तपासायला मी तेच धरतो. आत्ता ते बरोबर येतंय.

अडचण लाकडी डेकची आहे. तो १०० मिमी चढतो, म्हणजे कठडा ९५० उरतो आणि दारात २०००. म्हणून दारापुढे १२०० मिमी जुनी फरशीच ठेवली. पण बैठक कठड्याला टेकून आहे, ४५० मिमी उंच. तिच्यावर मूल उभं राहिलं तर डेक नसतानाही कठडा फक्त ६०० उरतो! ही गोष्ट मला फार खटकते.

बैठक आत सरकवून मधे कुंड्या ठेवाव्यात, तर कठड्याचा पाया झाकला जातो आणि रेंडरमध्ये तो बुटका भासतो. कॅमेरा न हलवता कठड्याची खरी उंची कळावी, अशी मांडणी कुणी केली आहे का? आणि पर्गोल्याचा खांब दारापासून किती लांब ठेवता?