प्रतिसाद: नंबर बदलल्यावर जुन्या चॅट्स

> फोन आणि नंबर दोन्ही बदलले. नव्या नंबरने व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं तर सगळं कोरं. जुनं सिम अजून चालू आहे. (दोन्ही अँड्रॉइड)

जुनं सिम चालू आहे ना, मग काळजी नको. ते एवढ्यात बंद मात्र करू नका. गूगलवरचा बॅकअप गूगल खात्याला आणि ज्या नंबरवरून घेतला त्या नंबरलाही बांधलेला असतो, म्हणून नव्या नंबरला तो दिसतच नाही.

नव्या फोनवर आधी तेच जुनं गूगल खातं जोडा. मग व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाका आणि जुन्या नंबरने सुरू करा. ओटीपी जुन्या सिमवर येईल. आता `Restore` विचारलं जाईल. तिथे `Skip` अजिबात दाबू नका. बॅकअप एन्क्रिप्टेड असेल तर त्याचा पासवर्ड हाताशी हवा.

चॅट्स आल्या की `Settings > Account > Change number` मध्ये जुना आणि नवा नंबर देशाच्या कोडसह भरा. ग्रुप तसेच राहतात, ग्रुपमध्ये बदल आपोआप कळतो. बाकीच्यांना कळवायचं की नाही, ते तिथेच निवडता येतं.

शेवटी लगेच नवा बॅकअप घ्या, म्हणजे तो नव्या नंबरचा होईल.