मदत हवी आहे: इव्हॅल्युएटरचा पास टक्का ८४ वरून ७६ वर आला. निकष बदलले म्हणून, की प्रश्न बदलले म्हणून?

तापीकाठ
जळगाव भागातल्या शेतकऱ्यांना मराठीत उत्तरं देणारा चॅटबॉट आहे. दर आठवड्याला त्याची ४०० उत्तरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुठूनही उचलायची आणि दुसऱ्या मॉडेलकडून तपासून घ्यायची, अशी पद्धत. ते मॉडेल, म्हणजेच इव्हॅल्युएटर, निकष वाचून पास किंवा नापास एवढंच सांगतं. सहा आठवडे टक्का ८२ ते ८६ मध्ये होता, सरासरी ८४. सातव्या आठवड्यात ७६.

घोळ असा की त्या सोमवारी निकषांत एक ओळ वाढवली होती: "औषधाचं प्रमाण दिलेलं नसेल तर नापास." आणि त्याच सुमारास, पोळा झाल्यावर, कपाशीच्या बोंडअळीचे प्रश्न एकदम वाढले. आधी ४०० पैकी केळीचे २४०, कपाशीचे १००, बाकी (मिरची, मका, कांदा) ६० असायचे. आता केळी १४०, कपाशी २००, बाकी ६०. बॉटमध्ये काहीच बदललेलं नाही. दोष कुणाच्या पदरात घालायचा?

भरीतपुरी
आधी हे बघा की आठ टक्क्यांची घसरण नुसत्या नशिबाने होऊ शकते का.

```python
p, n = 0.84, 400
s = (p*(1-p)/n)**0.5
print(p-3*s, p+3*s)   # 0.785 0.895
```

७८.५ च्या खाली गेलं, म्हणजे काहीतरी नक्की घडलंय. निकष तुम्ही बदलले, तेव्हा कारण तेच. ती ओळ काढा, टक्का परत येईल.

जिनिंगवाला
आमच्याकडे ग्रेडरचं असंच होतं भाऊ. पाऊस झाला की गाड्यांमधला कापूस ओला येतो, नापास गाड्या वाढतात आणि सगळे म्हणतात ग्रेडर कडक झाला. म्हणून एक सीलबंद नमुना ठेवतो, अधूनमधून तोच त्याच्या पुढ्यात टाकायचा. तुमचा ग्रेडर माणूस आहे की मशीन?

तापीकाठ
मशीनच, दादा. कापूस नाही तपासत, उत्तरं तपासतं.

पांझरा_७७
जिनिंगवाल्या भाऊंनी प्रश्न वेगळा समजून उत्तर मात्र बरोबर दिलंय. सीलबंद नमुन्याकडे येतोच. त्याआधी पिकानुसार पास किती झाले ते टाका. भरीतपुरी यांची मर्यादा बरोबर आहे, पण ती फक्त "काहीतरी हललं" एवढंच सांगते, काय हललं ते नाही.

तापीकाठ
आधीच्या आठवड्यांत सरासरी: केळी २४० पैकी २१६, कपाशी १०० पैकी ७२, बाकी ६० पैकी ४८.
सातवा: केळी १४० पैकी १२५, कपाशी २०० पैकी १३१, बाकी ६० पैकी ४८.

पांझरा_७७
आता जुने टक्के तसेच धरा आणि फक्त प्रश्नांची नवी वाटणी लावा. केळीचे ९० टक्के १४० वर म्हणजे १२६, कपाशीचे ७२ टक्के २०० वर म्हणजे १४४, बाकी ४८. बेरीज ३१८, म्हणजे ७९.५ टक्के. इव्हॅल्युएटर आणि बॉट दोघंही जागच्या जागी असते तरी टक्का साडेचारने पडलाच असता, कारण कपाशीची उत्तरं आधीपासूनच जास्त नापास होत होती. उरले साडेतीन, आणि ते जवळपास सगळे कपाशीतले.

पण ७२ वरून ६५.५ यावर लगेच बोट ठेवू नका. एका बाजूला सहा आठवड्यांची मिळून सुमारे ६०० उत्तरं असली तरी दुसऱ्या बाजूला एकाच आठवड्याची २००, एवढ्यावर साडेसहाचा फरक नुसत्या नशिबानेही पडू शकतो. म्हणून सीलबंद नमुना. सहाव्या आठवड्याची ४०० उत्तरं जशीच्या तशी साठवलेली असतील, तर तीच जुन्या निकषांनी दोनदा आणि नव्या निकषांनी एकदा तपासून घ्या. बॉटकडून उत्तरं पुन्हा लिहून घेऊ नका. तिथेच बहुतेक जण चुकतात: उत्तरंही बदलतात, निकषही बदलतात, आणि मग काहीच कळत नाही. दोनदा अशासाठी, की तेच मॉडेल तेच उत्तर पुन्हा वाचून कधी कधी निकाल फिरवतं. ती फिरवाफिरव किती, हे आधी माहीत हवं.

आकडेमोड
एक शंका. उलट केलं तर? प्रश्नांची जुनी वाटणी तशीच ठेवून नवे टक्के लावले तर ८२ येतात. म्हणजे घसरण फक्त दोनची. मग तुमचे साडेतीन कुठून आले?

पांझरा_७७
दोन्ही बरोबर. कपाशीचा वाटा २५ वरून ५० टक्के झाला, म्हणून कपाशीतली घसरण नव्या वाटणीत दुप्पट जड पडते. आठवड्यामागून आठवडा आलेख काढायचा तर तुमचीच रीत घ्या: वाटणी एकदा ठरवून ६०-२५-१५ अशी गोठवायची आणि कच्च्या टक्क्याशेजारी तीही रेघ काढायची. कच्ची रेघ पडली आणि गोठवलेली जागेवर राहिली, तर प्रश्न बदलले. दोन्ही पडल्या तर आत काहीतरी आहे.

तापीकाठ
करून बघितलं. जुने निकष दोनदा लावले तर ४०० पैकी ३ निकाल फिरले. नवे निकष लावल्यावर कपाशीच्या १०० पैकी ११ पासचे नापास झाले, २ नापासचे पास. म्हणजे ७२ चे ६३. केळी आणि बाकी यांत जेमतेम फरक.

ते ११ वाचले. चार उत्तरांत खरंच फवारणी सांगितलीये आणि प्रमाण गाळलंय, ते नापास व्हायलाच हवेत. उरलेल्या सातांत औषधाचा संबंधच नाही! "कामगंध सापळे किती लावू" या प्रश्नाला "हेक्टरी पाच, आणि सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ पतंग सापडले तर उपाय सुरू करा" असं उत्तर आहे, ते नापास. कारण दिलंय: औषधाचं प्रमाण नाही.

पांझरा_७७
मग ओळ काढू नका, नीट करा. "उत्तरात औषध सुचवलं असेल तर प्रमाण हवं, औषध नसेल तर ही अट लागू नाही." लागू-नाही हा पर्याय न दिल्यामुळे मॉडेलने गैरहजेरी म्हणजे नापास असा अर्थ लावला. केळीत हे का दिसलं नाही, तर तिथले प्रश्न बहुतेक खतपाण्याचे असावेत आणि उत्तरांत प्रमाण येतंच.

ओळ बदलल्यावर तोच नमुना पुन्हा लावा. ते सात परत यायला हवेत आणि ते चार नापासच राहायला हवेत. चारही परत आले तर अट ढिली झाली. यापुढे प्रत्येक निकालासोबत निकषाचा आवृत्ती क्रमांक आणि इव्हॅल्युएटर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून ठेवा, आणि आलेखावर बदलाच्या दिवशी उभी रेघ मारा.

भरीतपुरी
मान्य, मी घाई केली. पण मग मागचे सहा आठवडे नव्या निकषांनी पुन्हा मोजायचे का? नाहीतर ८४ आणि पुढचा आकडा शेजारी ठेवता येणार नाहीत.

पांझरा_७७
उत्तरं साठवलेली असतील आणि खर्च परवडत असेल तर मोजा, पण जुनी रेघ पुसू नका. मी स्वतः रेघ तोडून नवीन सुरू करणं पसंत करतो.

आकडेमोड
मला हे पटत नाही. तुटलेल्या रेघेत हळूहळू होणारी घसरण लपते. दर बदलाला नवी सुरुवात केली तर तीन महिन्यांत सगळं ठीकच दिसेल.

यावलकर
अजून एक. "कपाशीले कोनतं औसद मारू" असे अहिराणीतले प्रश्न कुठल्या खान्यात टाकता? ते वाढले की पीक तेच राहून टक्का पडू शकतो. आणि तुमचा नमुना एकाच आठवड्याचा आहे, त्यात असे प्रश्न किती?

तापीकाठ
मोजले. ४०० मध्ये ९. सातव्या आठवड्यात ३१. हा खाना आम्ही केलाच नव्हता. पण ९ उत्तरांवर टक्का काय काढणार?

यावलकर
टक्का नका काढू. मागच्या सगळ्या आठवड्यांतून असे ६० प्रश्न वेचून त्यांचा वेगळा सीलबंद नमुना करा, आणि अहिराणी येणाऱ्या कृषी सल्लागाराकडून हाताने पास-नापास करून घ्या. इव्हॅल्युएटरला मुळात अहिराणी कळते का, हे तोवर कुणालाच सांगता येणार नाही.