'नेडिर'ला मराठीत काय म्हणावं? आणि तो दिवस आधीच कसा कळतो?

माधवी: आईला स्तनाच्या कर्करोगासाठी दर २१ दिवसांनी केमो सुरू झालीय. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय, 'नेडिर दिवस ७ ते १४. ताप १००.४ किंवा जास्त आल्यास थेट इमर्जन्सीत.' आईला हे मराठीत सांगायचंय. शब्द सुचवा. शिवाय रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा काउंट कधी पडणार हे आधीच कसं ठाऊक?

विनायक: मूळ अरबी आहे. नादिर म्हणजे दुर्मिळ. पांढऱ्या पेशी दुर्मिळ होतात, म्हणून नेडिर.

श्रीपाद: अरबी बरोबर, पण शब्द दुसरा. आपल्या जुन्या कागदपत्रांतली 'नजीर' त्याच्या जवळची. मूळ अर्थ समोरासमोरचा: डोक्यावरच्या खस्वस्तिकाच्या बरोबर विरुद्ध, पायाखालचा बिंदू. ज्योतिषाच्या पुस्तकांत त्याला अधःस्वस्तिक म्हणतात. आजारी माणसाला मात्र तो शब्द ऐकवू नका. 'तळ' पुरे: 'काउंटनी तळ गाठला.'

रेखा: केमो वॉर्डात नर्स आहे. आम्ही 'काउंट पडायचे दिवस' म्हणतो, पेशंटना लगेच समजतं. आता दिवस कसा कळतो ते सांगते. न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या रक्तात जेमतेम काही तास फिरतात, मग ऊतींत जातात. त्यामुळे हाडांतल्या मज्जेतून सतत नवे न्यूट्रोफिल यावे लागतात. मज्जेत त्यांचे दोन गट असतात. एका गटातले अजून विभागत असतात. दुसऱ्यातले विभागणं संपवून फक्त पक्व होत थांबलेले. केमो मुख्यतः पहिल्या गटाला मारते. दुसरा गट वाचतो आणि साधारण आठवडाभर रक्ताला पुरतो, म्हणून पाचव्या दिवशी रिपोर्ट बरा दिसू शकतो. तो साठा संपला की मागून येणारं कोणी नसतं. तोच तळ. मूळ पेशी बऱ्याच वाचलेल्या असतात, त्या पुन्हा विभागू लागतात आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत काउंट वर येतात. २१ दिवसांचं अंतर बरंचसं त्यावरूनच ठरलंय. सगळ्या औषधांचं असं नसतं. कारमुस्टिन, लोमुस्टिन मूळ पेशींनाच धक्का देतात, त्यांचा तळ चार ते सहा आठवड्यांनी येतो.

सुनील: माझ्या भावाला केमोनंतर रोज फिलग्रास्टिम, म्हणजे पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन, होतं. चौथ्या दिवशी टोटल काउंट १८,०००! आम्ही म्हटलं, सुटलो. नवव्या दिवशी टोटल १,१००, न्यूट्रोफिल २८ टक्के. लॅबनं चूक केली असं मी ठरवूनच टाकलं होतं.

रेखा: लॅबची चूक नसावी. इंजेक्शन सुरुवातीला मज्जेतला तयार साठाच बाहेर ढकलतं, म्हणून तो फुगवटा. खरा फायदा नंतर होतो, विभागणी जोरात होते आणि तळातले दिवस कमी होतात. तळ पूर्ण टळेलच असं नाही. तुमचा हिशेब करा: १,१०० चे २८ टक्के म्हणजे ३०८. पाचशेच्या खाली म्हणजे धोक्याचा पट्टा. टोटलवर जाऊ नका, न्यूट्रोफिलचा आकडा काढा.

माधवी: आईलाही असंच एक मोठं इंजेक्शन लिहिलंय, पेगफिलग्रास्टिम, पण दुसऱ्या दिवशी. त्यासाठी पुन्हा हेलपाटा. केमोच्याच दिवशी का देत नाहीत?

रेखा: केमो अजून काम करत असताना मज्जेला विभागायला लावलं, तर मारा त्या नव्या विभागणाऱ्या पेशींवरच. म्हणून पेगफिलग्रास्टिम किमान २४ तासांनी द्यायचं. लांबून येणाऱ्यांना काही ठिकाणी त्याच दिवशी देतात, त्यावर डॉक्टरांतही एकमत नाही. इंजेक्शननंतर कंबर, मांड्या ठणकतात. ते मज्जेचं काम.

विनायक: मग ठणक्याला पॅरासिटामॉल घेतलं तर ताप पण जाईल. दोन्ही कामं झाली.

रेखा: नेमकं तिथेच घोटाळा होतो. तळाच्या दिवसांत न्यूट्रोफिल नसल्यानं पू धरत नाही, लाली फारशी दिसत नाही, कधी एक्स-रेही स्वच्छ असतो. ताप हीच एकटी खूण उरते, आणि ती गोळी झाकते. आधी थर्मामीटर, मग फोन, डॉक्टर म्हणाले तर गोळी. गुदद्वारातून ताप मोजू नका, तिथल्या नाजूक त्वचेतून जंतू रक्तात शिरू शकतात. इस्पितळात रक्तात जंतू आहेत का हे बघायला ब्लड कल्चर घेऊन तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. कल्चरच्या रिपोर्टची वाट बघत नाहीत. इमर्जन्सीत पहिलं वाक्य हेच: 'केमोचा दहावा दिवस, ताप आहे.'

श्रीपाद: म्हणजे न्यूट्रोफिल कमी असताना येणाऱ्या तापाला, 'फेब्राइल न्यूट्रोपेनिया'लाही शब्द हवा. 'पेशीक्षयज्वर' कसा वाटतो?

सुनील: क्षय म्हटलं की आमच्याकडे टीबीच समजतील.

माधवी: आईसाठी फ्रिजवर लिहिलंय: 'काउंट पडायचे दिवस, सात ते चौदा.' केमोचा दिवस पहिला धरायचा की शून्य?

रेखा: आमच्याकडे पहिला धरतात. तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, सगळीकडे सारखं नसतं.