मदत हवी आहे: निविदा मूल्यमापन अहवालाचा एका पानाचा सारांश

आमच्या रुग्णालयाच्या सफाई कंत्राटासाठी चार निविदा आल्या. २२ पानी मूल्यमापन अहवाल तयार आहे. सोमवारी तो व्यवस्थापन समितीपुढे जाईल, पण सदस्य एकच पान वाचतील.

एकाची बयाणा रक्कम नव्हती, तो छाननीतच बाद. आणखी एकाला तांत्रिक गुण ६२ मिळाले, किमान ७० हवे होते, म्हणून त्याचा आर्थिक लिफाफा उघडलाच नाही. उरले दोघे. भारांक तांत्रिक ७०, आर्थिक ३०, आणि ते निविदेतच छापलेले होते.

पहिला: तांत्रिक ७४, दर ४२ लाख. सर्वांत कमी दर म्हणून आर्थिक गुण १००. एकूण ८१.८.
दुसरा: तांत्रिक ९०, दर ४८ लाख. आर्थिक गुण ४२ भागिले ४८ गुणिले १००, म्हणजे ८७.५. एकूण ८९.२५.

शिफारस दुसऱ्याची आहे. "सहा लाख जास्त का?" हा प्रश्न नक्की येणार. नुसता गुणतक्ता सहकाऱ्याला दाखवला, तर त्याला तो कळला नाही. मग कारणे लिहिली, तर "अनुभव अपुरा" असे मोघम शब्द आले. आता प्रत्येक कारणासमोर निविदेतले कलम आणि सापडलेली त्रुटी लिहितोय: "कलम ६ नुसार रुग्णालयातील तीन कामांचे दाखले हवे, एकच जोडला."

निकष आता बदलता येणार नाहीत. परीक्षकांची नावे द्यायची नाहीत.

दोन गोष्टी सांगा. ६२ गुणांवर बाद झालेल्याचे निकषवार गुण याच पानावर द्यावेत, की फक्त जिथे तो कमी पडला ते निकष? आणि सहा लाखांचा फरक तांत्रिक गुणांतल्या नेमक्या कोणत्या फरकामुळे स्वीकारला, हे तुम्ही समितीपुढे कसे मांडता?