पृथ्वीचं पुडिंग आणि दोन खादाड

> “दोघे टेबलावर पृथ्वीच कापून खाताहेत, पण चित्रकार कुणाच्या बाजूचा?”

ब्रिटिश व्यंगचित्रकार जेम्स गिलरेच्या १८०५ च्या या चित्रात आधी हातातली हत्यारं बघा. ब्रिटिश पंतप्रधान पिटचा काटा त्रिशूळासारखा आहे, म्हणजे समुद्रदेवाचं आयुध. म्हणून तो महासागर कापतोय. नेपोलियन तलवारीने युरोप कापतोय, आणि त्याचा काटा रुतलाय तिथलं नाव वाचा: हॅनोव्हर. ते ब्रिटिश राजघराण्याचं मूळ संस्थान, १८०३ मध्ये फ्रेंचांनी बळकावलेलं. नाव लिहिलं नसतं तर हा घाव कळलाच नसता.

नेपोलियन प्रत्यक्षात एवढा बुटका नव्हता. खुर्चीतून उठून हात लांबवणारा ठेंगू काढण्यात गिलरेचा ब्रिटिश कल उघड दिसतो. तरी पिटचा तुकडा मोठा आहे, त्यामुळे माझ्या मते हावरट दोघेही ठरतात.